आजीला मिशी का आली: एका फोटोच्या पूर्वतयारीची गोष्ट

आजी-आजोबांच्या लग्नाला 50 वर्षं होत होती आणि मामेभावाने महिनाभर आधीच फर्मान काढलं, "ताई, तू ते फोटोचं चित्र करतेस ना, तसलं एक या दोघांचं कर, बारा बाय बारा इंचाची फ्रेम करू आणि ओटीवर लावू." फोटोपण त्यानेच ठरवून टाकला होता. राजापूरजवळ आमचं आजोळ आहे, तिथल्या अंगणात भर दुपारी काढलेला. मागे चुन्याने रंगवलेली भिंत, आजोबांच्या डोक्यावर पांढरी टोपी, आजी हिरव्या नऊवारीत, नाकात मोत्यांची नथ, अंबाड्यात अबोलीचा गजरा, आणि आजोबा चक्क हसतायत. आजोबा फोटोत हसत नाहीत, त्यांचा आधारकार्डावरचा आणि लग्नातला चेहरा सेम आहे, त्यामुळे दुसरा फोटो घेऊ का हा प्रश्न घरात कोणी विचारूच देईना.

स्टाइल ठरली गोष्टीच्या पुस्तकातल्या चित्रासारखी, म्हणजे जाड रेघ, सपाट रंग, कमी शेडिंग. माझ्या कॉम्प्युटरवर स्टेबल डिफ्युजनच्या घराण्यातलं, 1024 बाय 1024 पिक्सेलवर चालणारं, चित्रं काढणारं एआय मॉडेल आहे, त्यात फोटो टाकायचा आणि इमेज-टू-इमेज, म्हणजे फोटोवरून नवं चित्र, करून घ्यायचं, हे मी बरेचदा केलंय. म्हटलं अर्ध्या तासाचं काम.

पहिलं चित्र आलं त्यात आजीला मिशी होती. बारीक नाही, चांगली पिळदार. आजोबांची टोपी गायब, कपाळ जिथे संपतं तिथून थेट भिंत सुरू, त्यामुळे डोकं वरून कापल्यासारखं दिसत होतं. डोक्यातून एक काळी काडी वर गेलेली, ती नंतर कळलं की मागच्या भिंतीवरून जाणारी मीटरची वायर. आजीच्या एका गालावर तीन आडवे पट्टे. आणि सगळ्यात गंमत म्हणजे आजोबा निळसर-राखाडी आणि आजी केशरी, दोन वेगळ्या पुस्तकातली माणसं एका पानावर चिकटवल्यासारखी.

आता अशा वेळी हात आपोआप कुठे जातो तर `denoise` च्या आकड्याकडे. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, हा आकडा 0 ते 1 असतो, आणि मूळ फोटोवर किती नॉइज, म्हणजे दाणेदार कचकच, टाकून मॉडेलला त्यातून नवं चित्र काढायला सांगायचं ते तो ठरवतो. 0.2 ला फोटो जवळपास तसाच राहतो, 0.9 ला मूळ फोटोतलं फारसं काही उरत नाही. मी 0.45 वर सुरुवात केली होती. 0.6 केलं, मिशी गेली, पट्टे गेले, वायर गेली. खूश झाले आणि मग नीट बघितलं तर आजीपण गेली होती. म्हणजे एक छान, गोड, गोल चेहऱ्याची आजी होती चित्रात, फक्त ती आमची नव्हती. आजीची हनुवटी जरा पुढे आहे, डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे, हे सगळं गुळगुळीत होऊन गेलं. 0.7 ला तर आजोबांना दाढी आली.

इथे मला जे कळलं ते आधी कळायला हवं होतं. स्टाइल दोन्ही आकड्यांना मिळतेय, पण कचरा असलेला फोटो असेल तर तो कचरा लपवायला `denoise` वर न्यावा लागतो आणि वर नेला की चेहरा हातातून जातो. म्हणजे फोटो साफ करायचा तो चित्र "सुंदर" यावं म्हणून नाही, तर आकडा खाली ठेवता यावा म्हणून. 0.4 च्या आसपास मॉडेल मुळातले उजेड-अंधाराचे ठिपके इमानदारीने जपतं, त्यामुळे तिथे तुम्ही जे द्याल ते रेघेत उतरतं, सावली दिलीत तर सावलीची रेघ, वायर दिलीत तर वायरची. नथीची सावली ओठावर पडली होती, त्याने ती इमानदारीने काढली. त्याची चूक नव्हतीच.

मग बसले फोटो घेऊन.

पहिली गोष्ट फाइल. मी वापरत होते तो फॅमिली ग्रुपवरून उतरवलेला, 1600 बाय 1200 चा. भावाला म्हटलं तुझ्या फोनमधला मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, तो आला 4000 बाय 3000. फरक नुसता "क्वालिटी"चा नाही, मोजून बघण्यासारखा आहे. या मॉडेलमध्ये फोटो थेट पिक्सेलमध्ये हाताळला जात नाही, आधी तो लांबी-रुंदीला आठपट आकसला जातो, म्हणजे 1024 च्या चौकोनाची आत 128 बाय 128 ची जाळी होते आणि सगळं काम त्या जाळीवर चालतं. आता ग्रुपवरच्या फोटोत आजीचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत 120 पिक्सेल होता. अख्खा फोटो 1024 रुंदीला आणला की चेहरा झाला 77 पिक्सेल, आणि जाळीत जेमतेम साडेनऊ घरं. नथ मूळची 25 पिक्सेल, ती झाली 16, म्हणजे दोन घरं. एका घरात पिक्सेलपेक्षा जास्त माहिती असते हे खरं, पण दोन घरांत नथ, तिचे मोती, ओठ आणि सावली हे सगळं वेगळं ठेवायचं म्हणजे एसटीच्या दोन सीटवर अख्खं वऱ्हाड बसवण्यासारखं आहे.

मूळ फाइलमध्ये तोच चेहरा 300 पिक्सेल. त्यात पाय, अंगण, शेजारची बादली हे सगळं सोडून दोघांचं छातीपर्यंतचं 1500 बाय 1500 चं चौकोन कापलं आणि ते 1024 ला आणलं की चेहरा 205 पिक्सेल, म्हणजे साधारण 26 घरं, आणि नथीला पाच. काहीही न सुधारता नुसतं एवढं केलं तरी मिशीची अर्धी समस्या गेली, मोती वेगळे दिसायला लागले. त्यामुळे मला कोणी विचारलं की एकच गोष्ट करायला वेळ आहे तर काय करू, तर मी मूळ फाइल माग आणि जवळून काप एवढंच सांगते.

कापताना दोन गोष्टी सांभाळल्या. टोपीच्या वर बोटभर जागा सोडली, कारण डोकं कडेला चिकटलं की मॉडेल टोपीचा वरचा भाग स्वतःच्या मनाने चपटा करून टाकतं. आणि खालची कड दंडाच्या मधोमध ठेवली, कोपरावर किंवा मनगटावर नाही, सांध्यावर कापलं की चित्रात हात तुटल्यासारखा दिसतो. आजोबांचा हात आजीच्या खांद्यामागून आला होता आणि फक्त तीन बोटांची टोकं पदरावर दिसत होती, फोटोत ते गोड दिसतं पण चित्रात त्यांची तीन शेंगदाण्यांसारखी नक्षी झाली, म्हणून ती बोटं गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरच्या `Clone` टूलने शेजारच्या पदराचं कापड आणून झाकून टाकली. आजोबांना सांगितलं नाही.

कापणं सगळ्यात शेवटी करा मात्र. मी रंगाचं, उजेडाचं सगळं काम मोठ्या फाइलवर गिंपमध्ये केलं आणि 1024 ला सगळ्यात शेवटी आणलं, म्हणजे ब्रशच्या बारीकसारीक चुका लहान होताना आपोआप विरघळतात. शेवटचा टप्पा मी इमेजमॅजिकच्या कमांडने करते, आकडे लिहिलेले राहतात म्हणजे पुन्हा तसंच कापता येतं:

```
magick saaf.png -auto-orient -crop 1500x1500+1180+420 +repage -resize 1024x1024 tayar.png
magick tayar.png -resize 128x128 chhota.png
```

दुसरी ओळ आहे ती तपासणीसाठी. त्या 128 च्या चिमुकल्या फोटोकडे हातभर अंतरावरून बघायचं आणि स्वतःला विचारायचं की नथ कळतेय का, टोपी कुठे संपते ते कळतंय का. आपल्या डोळ्याला जे तिथे कळत नाही ते मॉडेल अंदाजाने भरणार. ही काही शास्त्रोक्त परीक्षा नाही, पण माझा तरी अनुभव आहे की ती क्वचित फसते.

आता उजेड. हा या फोटोतला खरा त्रास होता आणि यातच माझे तीनातले दोन तास गेले.

प्रसंग असा होता की आजोबा पडवीच्या छपराच्या सावलीत उभे आणि आजी अर्धं पाऊल पुढे, तिच्यावर माडाच्या झावळ्यांतून आलेलं ऊन. म्हणजे कपाळावर कडक ऊन, गालावर झावळीची सावली आणि त्या सावलीत उन्हाचे तीन पट्टे, आणि सूर्य डोक्यावर असल्याने नाकाची आणि नथीची सावली सरळ खाली वरच्या ओठावर. आपण फोटो बघताना हे सगळं मेंदू परस्पर वजा करतो, आजी दिसते, ऊन दिसत नाही. सपाट रंगांच्या स्टाइलमध्ये मात्र सावली ठेवायला जागाच नसते, चार-पाच रंगांत सगळं बसवायचं असतं, त्यामुळे प्रत्येक ठळक सावलीचा एक आकार होतो आणि त्या आकाराभोवती रेघ येते.

कुठली सावली आकार होणार हे आधी कळायला एक सोपी युक्ती आहे. फोटोची एक कॉपी घ्या, `Desaturate` करून काळी-पांढरी करा आणि `Colors` मेनूतलं `Posterize` 5 वर ठेवा. सगळा फोटो पाच करड्या छटांत फुटतो आणि जी बेटं तयार होतात तीच साधारण चित्रात येणार. आजीच्या ओठावरचं बेट स्पष्ट मिशीच्या आकाराचं होतं, मीच हसले. आकड्यात सांगायचं तर गालाचा उजेड 170 च्या आसपास (0 म्हणजे काळं, 255 म्हणजे पांढरं) आणि ओठावरची सावली 50. पाच छटांत त्यांच्यात दोन पायऱ्यांचा फरक पडत होता.

सुधारायची पद्धत: फोटोचा लेयर डुप्लिकेट केला, वरच्या लेयरला `Curves` ने मधल्या-गडद भागात वर उचललं, मग त्याला काळा मास्क लावला, मास्क काळा तिथे लेयर झाकतो आणि पांढरा तिथे दाखवतो, म्हणजे काहीच दिसेनासं झालं, आणि मऊ ब्रशने 20 टक्के ओपॅसिटीवर मास्कवर फक्त ओठावरच्या सावलीत पांढरा रंग फिरवत गेले. चार-पाच हात फिरल्यावर सावली 50 वरून 110 ला आली. पुन्हा पाच छटांत बघितलं, आता फरक एकाच पायरीचा. इथेच थांबायचं. मी पहिल्यांदा लोभाने ती पूर्ण पुसली होती, 165 ला नेली, तर चित्रात आजीचं नाक चेहऱ्यावर नुसतं दोन ठिपके होऊन बसलं, कारण नाक पुढे आहे हे सांगणारं तेवढं एकच होतं. `Shadows-Highlights` ची पट्टी सरकवून सगळ्या फोटोवर एकदम करता येतं का, तर येतं, पण त्यात डोळ्यांची बुबुळं आणि भुवयापण उजळतात आणि चेहरा पीठ लावल्यासारखा होतो. हे काम मास्कनेच.

नथ मात्र उलट. तिला उठाव द्यायचा होता. सावली हलकी झाल्यावर मोती आणि कातडी एकाच उजेडाची झाली, म्हणून बारीक ब्रशने प्रत्येक मोत्यावर एकेक पांढरा ठिपका ठेवला आणि मधल्या लाल खड्याला गडद केलं. सहा मोती झाले. हे लक्षात ठेवा, पुढे याचा हिशोब द्यावा लागला.

गालावरच्या तीन पट्ट्यांना वेगळा विचार करावा लागला. सावली उजळायची की उन्हाचे पट्टे गडद करायचे? मी बघते की कुठला भाग कमी आहे आणि उन्हाने पार पांढरा पडून जळलेला नाही. गालाचा बराचसा भाग सावलीत होता आणि पट्टे बारीक, त्यामुळे पट्टेच खाली आणले, तसाच लेयर, तसाच मास्क, फक्त `Curves` खाली ओढलेला. उजेड जुळला आणि तरी पट्टे दिसतच होते! दहा मिनिटं डोकं खाजवलं तेव्हा कळलं की आता फरक उजेडाचा नाही, रंगाचा आहे, ऊन पिवळं आणि सावली निळसर, त्यामुळे तीन पिवळट पट्टे उरले होते. त्यासाठी वर एक रिकामा लेयर, त्याचा मोड `LCh Color`, आणि शेजारच्या कातडीचा रंग उचलून 30 टक्क्यांवर हलका फिरवला. या मोडमध्ये उजेड तसाच राहतो, फक्त रंग बदलतो, म्हणून सुरकुत्या जागच्या जागी राहिल्या.

कपाळावरचा डाग हा सगळ्यात वाईट. तिथे कलर पिकर लावला तर 255, 255, 255. तिन्ही रंग पूर्ण भरलेले म्हणजे कॅमेऱ्याने तिथे काही नोंदवलेलंच नाही, त्याला गडद केलं की कातडी परत येत नाही, राख फासल्यासारखा करडा ठिपका येतो. सावलीत दडलेलं थोडंफार परत मिळतं, जळलेलं मिळत नाही. इथे `Heal` टूलने कपाळाच्या दुसऱ्या बाजूची कातडी आणून बसवली, आणि कुंकवाची जी कड उन्हात उडाली होती ती हाताने गोल केली. ते कुंकू मी केलं नसतं तर काय झालं असतं तेही बघितलं होतं, मॉडेलने अर्धं कुंकू बघून त्याची जखम केली होती.

मग ते दोन पुस्तकातल्या माणसांचं प्रकरण. आजोबा सावलीत, सावलीतला उजेड आकाशाचा म्हणून निळसर. पांढरा रंग खरा किती पांढरा आहे हे बघायला टोपी हाताशी होतीच, पिकरमध्ये लाल 172, हिरवा 184, निळा 203. सरळ हिशोब असा की तिन्ही सारखे करा. मी केले, आणि आजोबा पिवळे पडले, काविळीचा पेशंट. कारण साधं होतं आणि ते आठवायला मला आईला फोन करावा लागला: आजी टोपीला नीळ देते. कापडच निळसर आहे, त्यामुळे टोपी पूर्ण करडी केली की बाकी सगळं पिवळ्याकडे झुकतं. मग निळा 203 वरून 190 पर्यंतच आणला, लाल 178 केला आणि डोळ्याने आजोबांच्या कानाकडे बघत थांबले. आपल्याकडच्या पांढऱ्या कपड्यांवरून व्हाइट बॅलन्स करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. आजीला वेगळ्या मास्कमध्ये थोडं थंड केलं. दोघांची कातडी एकसारखी करायची नव्हतीच, आजोबा मुळात सावळे आहेत, फक्त दोघांवर एकच ऊन पडलंय असं वाटलं पाहिजे.

बॅकग्राउंड त्यामानाने लवकर झालं, पण त्यातही एकदा आपटले. टोपी 172-184-203 आणि मागची भिंत 176-187-205. म्हणजे टोपी आणि भिंत यांच्यात कड अशी नाहीच. आपल्याला टोपी दिसते ती फक्त एका घडीच्या बारीक सावलीमुळे. ऑटोमॅटिक बॅकग्राउंड काढणाऱ्या टूलला दिलं तर त्याने भिंतीबरोबर टोपीचा अर्धा भागही नेला, आणि आजीच्या पांढऱ्या केसांचा एक झुपका. पांढऱ्यावर पांढरं असलं की हे होणारच. म्हणून टोपी आणि खांदे `Paths` टूलने हाताने कापले, केसांपाशी मऊ ब्रशने मास्क रंगवला. कापल्यावर कडेला भिंतीची फिकट किनार राहते, लहान फोटोत ती दिसत नाही पण चित्रात तिची पांढरी आउटलाइन होते, म्हणून सिलेक्शन 2 पिक्सेलनी आत घेतलं आणि 1 पिक्सेल फेदर केलं.

मागे काय ठेवायचं? पहिल्यांदा सवयीने पांढरं ठेवलं, आणि टोपी पुन्हा गायब, अर्थातच, म्हणजे एवढं कापून परत भिंतच लावली मी. मग हिरवं करून बघितलं, तर आजीचं नऊवारी खांद्यापासून झाडात मिसळलं. शेवटी फिकट गेरूचा सपाट रंग, उजेड 150 च्या आसपास. मधली छटा असल्यामुळे पांढरी टोपी, पांढरे केस आणि आजोबांच्या काळ्या भुवया तिन्ही त्यावर उठून दिसतात, आणि हिरव्याशी भांडतही नाही. भाऊ म्हणाला तुळस तरी ठेव गं मागे. तुळशीवृंदावन होतं खरं, पण आजीच्या खांद्याच्या नेमकं मागे, चित्रात खांद्यातून रोप उगवलं होतं. थोडं बाजूला सरकवून बसवता आलं असतं, पण मग त्याच्यावरचं ऊन कुठून येतंय ते जुळवत बसा. नाही ठेवली.

एक ताकीद देते, कारण मी स्वतः यात फसले. साफसफाई करताना हात थांबत नाही. सगळं झाल्यावर मला वाटलं जरा नॉइज काढू, जरा शार्प करू. नॉइज काढताना आजीच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या गेल्या आणि चित्रात ती आजोबांची मुलगी दिसायला लागली. शार्प केलं तर प्रत्येक कडेला एक उजळ किनार आली आणि मॉडेलने ती प्रेमाने काढली, सगळ्यांभोवती देवासारखं तेज. दोन्ही रद्द केलं. या कामात सुरकुती ठेवायची आणि सावली काढायची. दोन्ही गडद रेघाच आहेत, पण सुरकुती त्या माणसाची आहे आणि सावली त्या दिवसाच्या उन्हाची.

मग तोच सीड, म्हणजे मॉडेल ज्या आकड्यावरून सुरुवातीची नॉइज बनवतं तो, तीच स्टाइल, मॉडेलला लिहून दिलेलं तेच वाक्य ठेवून पुन्हा चालवलं, नाहीतर फरक फोटोमुळे पडला की नशिबाने ते कळत नाही. 0.45 ला चांगलं आलं, 0.42 ला आणखी चांगलं. हनुवटी पुढे, भुवई वर, टोपी जागेवर, मिशी नाही. 0.35 ला नेलं तर चित्र कमी आणि फिल्टर मारलेला फोटो जास्त वाटायला लागला. 0.42 वर वेगवेगळ्या सीडने सहा चित्रं काढली, त्यातलं चौथं घेतलं, आणि चारपट मोठं करून 4096 ला नेलं, बारा इंचाला 341 डीपीआय पडतात, सपाट रंगांना ते पुरून उरतं.

मधल्या काळात मी भावाला गुपचूप एक काम सांगितलं होतं. म्हटलं रविवारी सकाळी दहाच्या सुमारास दोघांना पडवीत उभं कर, अगदी कडेला, तोंड अंगणाकडे, ऊन त्यांच्या अंगावर नको पण समोर अंगणात भरपूर हवं, भिंतीपासून चार-पाच फूट पुढे, मागे दाराचं गडद लाकूड येऊ दे, आणि झूम न करता तू स्वतः जवळ जा. त्याने काढला. अंगणातल्या उजेडाने दोघांचे चेहरे एकसारखे भरलेले, नथीची सावली म्हणजे नुसती धूसर छटा, टोपीमागे तपकिरी दार. यावर मी कापणं आणि थोडे `Curves` एवढंच केलं, पंधरा मिनिटं, आणि 0.4 ला पहिल्याच फटक्यात चित्र आलं, माझ्या तीन तासांच्या कामापेक्षा स्वच्छ. फक्त आजोबा त्यात आधारकार्डासारखे उभे. दोन्ही चित्रं ग्रुपवर टाकली, घरातल्या एकानेही पडवीवालं निवडलं नाही.

प्रिंटला द्यायच्या आधी मामीने फोनवर आजीला दाखवलं. आजोबा म्हणाले टोपी बरी आलीय. आजीने चष्मा लावला, फोन जवळ घेतला, नथ मोठी करून बघितली आणि म्हणाली, "अगो, मोती सात आहेत माझ्या नथीला, सहा कुणी केले?"

मी मूळ फोटो 400 टक्के झूम करून बघितला, सातवा मोती खरंच होता, नाकपुडीच्या सावलीत, मी ती सावली उजळली तेव्हा तो कातडीत मिसळून गेला होता. चित्रावर थेट एक ठिपका ठेवून मोकळं होता आलं असतं, पण 4096 च्या चित्रात तो वेगळ्या हातचा दिसत होता, बाकीच्या मोत्यांना रेघ आहे आणि याला नाही. म्हणून परत `saaf.png` उघडली, सातवा मोती फोटोत ठेवला, त्याच आकड्यांनी कापली, त्याच सीडने 0.42 वर चालवली. पदराची एक घडी जराशी हलली, बाकी सगळं तसंच, आणि मोती सात.